शाळेचं अ‍ॅप, मुलाचा गेम आणि आईचा ओटीपी

नमस्कार मॅडम, आमच्या घरात एकच स्मार्टफोन आहे, माझा. मुलगा सहावीत आहे. शाळेनं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली की शनिवारपर्यंत हे अ‍ॅप घ्या, गृहपाठ आणि चाचण्या आता त्यावरच. अ‍ॅपनं लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक, कॅमेरा सगळं मागितलं, मी सगळ्याला हो म्हटलं. मग माझ्या नंबरवर ओटीपी आला, तो मुलानंच टाकला आणि ‘पालक संमती पूर्ण’ असं आलं. याच फोनवर तो एक गेम खेळतो, त्यात त्यानं बाबांचं जन्मसाल टाकलंय, 1985. आता मित्रांनी दुसरा गेम घेतलाय. त्यात खरं वय टाकलं तर ‘पालकांची ओळख पटवा’ म्हणून डिजिलॉकर किंवा आधारचा फोटो मागतात. तो म्हणतो, आई, त्यापेक्षा मोठं वय टाकूया, पटकन होईल. गेमला आधार द्यावं का? शाळेला काही विचारलं तर मुलाला त्रास होईल का? आणि आधी जे देऊन बसले ते परत घेता येतं का?
— एक आई, इचलकरंजी

ताई, आधी जन्मसालाचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नव्या गेममध्ये मोठं वय टाकू देऊ नका. जुन्या गेममधलं 1985 सुद्धा तसंच राहू देऊ नका.

आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात (2023) 18 वर्षं पूर्ण न झालेलं प्रत्येक जण मूल धरलं आहे. मुलांसाठी त्यात कलम 9 आहे. मुलाची कोणतीही वैयक्तिक माहिती वापरण्याआधी कंपनीनं आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळून घेतलेली संमती घेतली पाहिजे, असं ते सांगतं. एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच कलमात पुढे आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते ती जास्त मोलाची आहे. मुलाचा माग काढायचा नाही, त्याच्या वागण्यावर नजर ठेवायची नाही आणि त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. ही मनाई तुमच्या संमतीवर अवलंबून नाही. तुम्ही शंभर वेळा हो म्हटलंत तरी गेम कंपनीला ती मोकळीक मिळत नाही.

आता 1985 टाकल्यावर काय होतं बघा. कंपनीच्या नोंदीत तुमचा मुलगा चाळिशीचा माणूस होतो. त्याच्यासाठी पालकाची संमती लागत नाही आणि जाहिरातींची मनाईही लागू होत नाही. उद्या तुम्ही तक्रार केलीत तर कंपनी म्हणेल, आम्हाला वय हेच सांगितलं होतं. मुलाला वाटतं आपण दोन मिनिटं वाचवली, पण खेळाच्या त्या खात्यावरचं कायद्याचं संरक्षण त्यानं स्वतःच काढून टाकलेलं असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यांत ठेवलेल्या मुदतीप्रमाणे मुलांबद्दलच्या तरतुदी 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायच्या आहेत. कलम 9 मोडल्यास कंपनीला 200 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारजमा होतो. पालकाच्या हाती त्यातलं काही येत नाही. म्हणून माहिती गेल्यावर भांडण्यापेक्षा ती जाऊ न देण्यातच तुमचा फायदा आहे, आणि त्यासाठी 2027 ची वाट बघायची गरज नाही.

आता ‘ओळख पटवा’बद्दल. नव्या गेमनं खरं वय कळल्यावर तुम्हाला बोलावलं, हे योग्यच झालं. नियम क्रमांक 10 प्रमाणे कंपनीनं दोन गोष्टी बघायच्या आहेत. ‘मी पालक’ म्हणणारी व्यक्ती सज्ञान आहे का, आणि गरज पडली तर कायद्यानं तिची ओळख पटवता येईल का. हे दोन मार्गांनी बघता येतं. तुमची ओळख आणि वय कंपनीकडे आधीपासून खात्रीशीर नोंदलेलं असेल तर त्यावरून, नाहीतर तुम्ही स्वतःहून दिलेल्या तपशिलावरून किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेनं दिलेल्या टोकनवरून. टोकन म्हणजे तुमच्या कागदपत्राऐवजी त्याला जोडलेला एक डिजिटल पुरावा.

यात ओटीपी कुठे बसतो? ओटीपीनं एवढंच कळतं की हा नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन आत्ता कुणाच्या तरी हातात आहे. तो हात अकरा वर्षांचा की चाळीस वर्षांचा हे त्यातून कळत नाही. एकच फोन सगळे वापरतात अशा घरांत तर अजिबात नाही. शाळेच्या अ‍ॅपवर जे ‘पालक संमती पूर्ण’ आलं ते तुमच्या मुलानं स्वतःच स्वतःला दिलेलं आहे. यात त्याचा दोष नाही, पद्धतच तकलादू आहे.

नियमातही एक उणीव आहे, ती ठाऊक असू द्या. ‘पालक’ म्हणून आलेली व्यक्ती सज्ञान आहे हे तपासलं जातं. ती त्याच मुलाची आई किंवा बाप आहे हे तपासायला नियम सांगत नाही. एकोणीस वर्षांचा चुलतभाऊ किंवा क्लासचे सर यांच्या डिजिलॉकरवरूनही ही पायरी पार होऊ शकते. म्हणून घरात सांगून ठेवा की अशा कामाला फक्त आई किंवा बाबा.

गेमला आधारचा फोटो देऊ नका, तुमचा नाही आणि मुलाचा तर नाहीच. फोटोत नाव आणि जन्मतारखेबरोबर बारा आकडी क्रमांक, चेहरा आणि मागच्या बाजूला पत्ता असतो. खात्री करायची आहे फक्त एका सज्ञान माणसाची, त्यासाठी एवढं कशाला? एकदा फोटो त्यांच्या सर्व्हरवर गेला की तो कुठे साठला हे तुम्हाला दिसत नाही. दुसरा काहीच मार्ग नसेल आणि द्यायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

डिजिलॉकर त्यापेक्षा बरं, पण तिथंही डोळे उघडे ठेवून. बटण दाबल्यावर जे पान उघडेल त्याचा पत्ता वर बघा, https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा भाग .gov.in नं संपलेला असला पाहिजे. नसेल तर तिथूनच मागे फिरा. पुढे तुमचा सहा आकडी पिन मागतील. तो तुम्ही स्वतः टाका आणि मुलाला सांगू नका, नाहीतर ओटीपीसारखंच होईल. त्यानंतर संमतीचं पान येतं. समोरचं अ‍ॅप काय काय मागतंय, कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे त्यावर लिहिलेलं असतं. घाईत याच पानावर Allow दाबलं जातं. नाव आणि जन्मतारीख एवढंच मागितलं असेल तर ठीक. खाली आधार, पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्सला टिक असेल तर ती काढा. काढता येत नसेल तर Deny दाबा आणि मुलाला सांगा, हा गेम आपल्या घरात नको.

ओळख पटली म्हणजे संमती झाली असंही समजू नका. तुम्ही कोण हे कळल्यावर कंपनीनं तुम्हाला सांगायचं असतं की मुलाची कोणकोणती माहिती घेणार आणि प्रत्येक माहिती कशासाठी. नियमांप्रमाणे ही सूचना साध्या भाषेत, एकेक गोष्ट मोजून दिलेली हवी. कायद्यानुसार ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय हवी, म्हणजे मराठीत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. शिवाय सांगितलेल्या कामापुरती जी माहिती लागते तेवढ्यालाच तुमची संमती लागू होते. खेळायला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही. त्यामुळे गेमनं ती संमतीच्या यादीत घुसवली तरी ती धरली जात नाही.

आता तुमच्या फोनकडे येऊ. गृहपाठ आणि गेम एकाच फोनवर आहेत आणि त्याचा परिणाम सहसा कुणी समजावून सांगत नाही.

अँड्रॉइड फोनला एक जाहिरात क्रमांक असतो. तो अ‍ॅपचा नसतो, फोनचा असतो. अनेक मोफत अ‍ॅप्समध्ये जाहिरात कंपन्यांचे तयार कोड बसवलेले असतात आणि ते हा क्रमांक वाचतात. समजा, अभ्यासाच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये असा कोड आहे आणि त्याच जाहिरात कंपनीचा कोड गेममध्येही आहे. तर त्या कंपनीला असं दिसतं: हा फोन संध्याकाळी सातला सहावीच्या गणितात होता, नऊ वाजता गेममध्ये, आणि लोकेशन चालू असल्यामुळे अमुक गल्लीत. कुणालाही नाव विचारावं लागत नाही. गेममध्ये 1985 लिहिलेलं असलं तरी सहावीचं गणित कोण करतंय हे ओळखणं अवघड नाही.

ही साखळी तुम्ही आजच तोडू शकता. फोनच्या Settings मध्ये वरच्या शोधपट्टीत Ads टाइप करा आणि Delete advertising ID दाबा. यानंतर अ‍ॅपला त्या क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं दिसतात. याला मर्यादा आहे. दोन्ही अ‍ॅप्समध्ये तुमचा एकच मोबाइल नंबर किंवा ईमेल असेल तर त्यावरूनही जोडणी होऊ शकते. म्हणून गेमला तुमचा मोबाइल नंबर देऊ नका. पाहुणा म्हणून खेळता येत असेल तर तसं, नाहीतर मुलाच्या नावाचं, तुमच्या देखरेखीखालचं वेगळं गूगल खातं काढून.

परवानग्याही आजच बदला. Settings, मग Apps, मग शाळेचं अ‍ॅप, मग Permissions. लोकेशन आणि कॉन्टॅक्ट दोन्हींना Don't allow. वहीचा फोटो टाकायला कॅमेरा लागतो आणि तोंडी चाचणी असेल तर माइक लागेल, त्या दोन्हींना Allow only while using the app. मग मुलाकडून एक गृहपाठ पाठवून बघा. लोकेशनशिवाय गृहपाठ गेला, तर ते मागायचं कारण काय होतं हा प्रश्न शाळेला विचारायला तुमच्याकडे पुरावा झाला.

शाळेचा भाग थोडा वेगळा आहे. नियमांच्या चौथ्या अनुसूचीत शिक्षणसंस्थांना सूट आहे. स्वतःच्या शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा मुलांच्या हालचालीवर आणि वागण्यावर लक्ष ठेवू शकते, त्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागणार नाही. मुलांची ने-आण करणाऱ्या बसवाल्यालाही येण्याजाण्याच्या वेळात लोकेशन बघण्याची मुभा आहे. हे रास्त आहे. मूल आज गैरहजर आहे किंवा अपूर्णांकात वारंवार चुकतंय हे शाळेला कळायलाच हवं. पण सूट त्या कामापुरती आहे. अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीनं शाळेच्या नावावर गोळा केलेली माहिती स्वतःच्या जाहिरातींसाठी वापरली, तर त्याला शैक्षणिक काम म्हणता येणार नाही.

अमेरिकेत नेमकं हेच घडलं होतं. एडमोडो नावाचं वर्गांसाठीचं अ‍ॅप होतं. तिथे 13 वर्षांखालच्या मुलांसाठी 1998 चा कायदा आहे. पालकांची संमती मिळवायची जबाबदारी या कंपनीनं शाळा आणि शिक्षकांवर ढकलली होती आणि मुलांची माहिती जाहिराती दाखवायला वापरली. मे 2023 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली आणि 60 लाख डॉलरचा दंड ठरला. तोवर कंपनीनं अमेरिकेतलं काम बंदही केलं होतं. शिक्षकांना याची कल्पना होती असं वाटत नाही. त्यांना फक्त गृहपाठ द्यायचा होता.

तुमच्या शाळेतल्या बाईंचंही तसंच असण्याची शक्यता जास्त. म्हणून ग्रुपवर वाद घालू नका, मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर असा चालेल:

“महोदय, माझा मुलगा इयत्ता सहावीत आहे. शाळेनं सुचवलेलं अ‍ॅप आम्ही घेतलं आहे आणि गृहपाठ त्यावरच पाठवत आहोत. कृपया लेखी कळवावं की हे अ‍ॅप मुलांची कोणती माहिती घेतं आणि कशासाठी, अ‍ॅपच्या कंपनीशी शाळेचा करार आहे का आणि त्यात जाहिरातींसाठी वापराला मनाई आहे का, आणि मुलानं शाळा सोडल्यावर ही माहिती किती दिवसांत पुसली जाईल. लोकेशन आणि कॉन्टॅक्ट या परवानग्या गृहपाठासाठी लागत नसल्यानं आम्ही त्या बंद ठेवल्या आहेत. नोंदणीच्या वेळी ओटीपी मुलानं टाकला होता, म्हणून ती पालकाची संमती समजू नये.”

पहिली दोन वाक्यं मुद्दाम तशी ठेवली आहेत. तुम्ही अ‍ॅपला नकार देत नाही, गृहपाठ येतोय, त्यामुळे मुलाला बाजूला काढायला कारण उरत नाही. जमलं तर आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या. पत्र एका मुलाचं राहिलं नाही की त्याचा त्रास एका मुलावर येत नाही. आणि शाळेनं अ‍ॅपमध्ये आधार टाकायला सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा की सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. गृहपाठासाठी तर त्याची गरज नाहीच.

राहिलं परत घेण्याचं. संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं कायदा म्हणतो. संमती मागे घेतल्यावर, दुसऱ्या कुठल्या कायद्यानं जपून ठेवायला सांगितलं नसेल तर, कंपनीनं माहिती पुसायची असते. पण फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे माहिती पुसली असं होत नाही. फोनवरचं चिन्ह जातं, सर्व्हरवरचं खातं राहतं. जुन्या गेमचं खातं आतून बंद करावं लागेल. प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर Data safety हा भाग उघडा. तिथे माहिती पुसण्याची विनंती करता येते का ते लिहिलेलं असतं आणि त्यासाठीची लिंकही असते. खात्याची सोय देणाऱ्या अ‍ॅप्सनी खातं पुसण्याचा मार्ग ठेवला पाहिजे, असा गूगलचा नियम आहे. (त्या भागात बाकी जे लिहिलेलं असतं ते कंपनीनं स्वतःच भरलेलं असतं, म्हणून त्यावर पूर्ण विसंबू नका.)

हे करण्याआधी मुलाशी बोला. खातं पुसलं की त्यानं मिळवलेल्या लेव्हल, नाणी, पोशाख सगळं जाईल. त्याच्यासाठी ते किरकोळ नाही आणि तुम्ही न सांगता केलंत तर पुढच्या वेळी तो वय लपवायला आणखी शिकेल. काही गेम्स मदत केंद्राला लिहिल्यावर जन्मतारीख दुरुस्त करून देतात. आधी तेच मागून बघा. दुरुस्त झाली तर खातं वाचेल आणि ते मुलाचं खातं म्हणून नोंदलं जाईल. मग कदाचित अनोळखी लोकांशी बोलायची सोय बंद होईल. तेही त्याला आधीच सांगा.

विनंती ईमेलनं पाठवा, नुसतं बटण दाबून थांबू नका. खात्याचं नाव, मुलाचं खरं वय, तुम्ही त्याची आई आहात हे आणि काय पुसायचं ते लिहा. अ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीत तक्रारीसाठी एक पत्ता दिलेला असतो, त्यावर पाठवा आणि स्क्रीनशॉट ठेवा. मुलाच्या वतीनं हा हक्क कायद्यानंच तुम्हाला दिला आहे. मूल असेल तिथे माहितीचा धनी या व्याख्येत त्याचे आईवडीलही येतात. नवे नियम लागू झाल्यावर कंपनीला तक्रारीचं उत्तर जास्तीत जास्त 90 दिवसांत द्यावं लागेल. ते मिळालं नाही किंवा पटलं नाही तरच डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येतं, थेट नाही. तिथे तुमचा पहिला कागद हा ईमेलच असेल, म्हणून त्यावरची तारीख महत्त्वाची.